‘पूर्वीचा आजार लपवला’ म्हणून आरोग्यविम्याचा क्लेम नाकारला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरोग्यविम्याचा क्लेम नाकारायला कंपनीकडे कारणं बरीच असतात. त्यातलं सर्वांत झोंबणारं कारण म्हणजे ‘तुम्ही पूर्वीचा आजार सांगितला नाहीत’. पैसे तर जातातच, वर खोटेपणाचा शिक्काही बसतो. इथे फक्त त्या एका कारणाबद्दल लिहिलं आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. ते रचलेलं आहे, पण त्यातला एकेक तपशील अशा पत्रांमध्ये नेहमी भेटतो. नाशिकचे एक गृहस्थ, वय ५१. पाच लाखांची पॉलिसी १० ऑक्टोबर २०२४ पासून सुरू. ६ जुलै २०२५ च्या पहाटे छातीत कळ आली, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. बिल २,८७,४०० रुपये. कॅशलेस नाकारलं गेलं, म्हणून एफडी मोडून बिल भरलं आणि नंतर रिइम्बर्समेंटचा क्लेम टाकला. २२ ऑगस्टला पत्र आलं: क्लेम नामंजूर.

कॅशलेस नाकारलं, म्हणजे क्लेम नाकारला गेला का?

नाही. रुग्ण दाखल असताना कंपनीला जेवढे कागद दिसतात तेवढ्यावर ती कॅशलेसला हो किंवा नाही म्हणते. ‘माहिती अपुरी, रिइम्बर्समेंटला या’ असा त्या नकाराचा अर्थ बरेचदा असतो. लोक इथेच हात टेकतात आणि पुढचा क्लेम टाकतच नाहीत.

‘क्लेम क्लोज्ड’ हा शब्दही नीट वाचा. मागितलेले कागद वेळेत पोचले नाहीत म्हणून फाइल बंद झाली असेल, तर कागद देऊन ती पुन्हा उघडायला सांगता येते. नाकारलेल्या क्लेमचं पत्र वेगळं असतं. त्यात ‘रिप्युडिएटेड’ किंवा ‘रिजेक्टेड’ असा शब्द आणि पॉलिसीतलं कलम असतं.

पत्र टीपीएच्या लेटरहेडवर आलंय. टीपीए क्लेम नाकारू शकतो का?

टीपीए म्हणजे विमा कंपनीने क्लेम हाताळायला नेमलेली बाहेरची संस्था. कागद तपासणं, कॅशलेसची व्यवस्था बघणं हे तिचं काम. नाकारण्याचा निर्णय विमा कंपनीचाच हवा. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, मे २०२४ च्या परिपत्रकात आणखी एक अट घातली आहे: कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय कोणताही क्लेम नाकारायचा नाही, आणि नाकारताना पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा उल्लेख करून कळवायचं.

म्हणून अपिलात पहिला प्रश्न हाच विचारा: हा निर्णय कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीने घेतला आहे का, आणि कोणत्या कागदाच्या आधारे? एवढ्यावर क्लेम मंजूर होत नाही. पण ठरावीक साच्यातलं उत्तर पाठवून मोकळं होणं कंपनीला अवघड जातं.

पत्रात दोन-दोन कलमं लिहिली आहेत. त्यांचा अर्थ काय?

आपल्या उदाहरणातल्या पत्राचा गाभा असा: ‘रुग्णालयाच्या नोंदीनुसार विमाधारकास ८ वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे. प्रपोझल फॉर्ममध्ये ही बाब नमूद नाही. सबब Excl01 आणि डिस्क्लोजर नॉर्म या कलमांखाली क्लेम नामंजूर.’ प्रपोझल फॉर्म म्हणजे विमा घेताना भरलेला अर्ज. वाचताना दोन्ही कलमं एकच वाटतात, पण हे दोन वेगळे आरोप आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत.

Excl01 हे पूर्वीपासूनच्या आजाराच्या प्रतीक्षा काळाचं कलम. सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत त्याचा क्रमांक सारखाच असतो. ‘पूर्वीपासूनचा आजार’ याची व्याख्या नेमकी आहे: पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यासाठी त्या काळात वैद्यकीय सल्ला वा उपचार घेतले किंवा सुचवले गेले, असा आजार. अशा आजाराचा आणि त्याच्या थेट गुंतागुंतीचा खर्च ठरावीक काळ मिळत नाही. एप्रिल २०२४ च्या नियमांनुसार हा काळ जास्तीत जास्त ३६ महिने. या कलमात खोटेपणाचा आरोप नाही. ‘अजून वेळ झालेली नाही’ एवढंच त्याचं म्हणणं. पॉलिसी त्यामुळे रद्द होत नाही आणि दुसऱ्या आजाराचे क्लेम अडत नाहीत.

डिस्क्लोजर नॉर्म मात्र जबर आहे. महत्त्वाची माहिती लपवली किंवा चुकीची दिली, तर पॉलिसीच रद्दबातल आणि भरलेला हप्ता जप्त, असं ते कलम म्हणतं. ‘महत्त्वाची’ म्हणजे विमा द्यायचा की नाही, किती हप्त्याला द्यायचा, हा कंपनीचा निर्णय जिच्यामुळे बदलला असता अशी माहिती.

दोन्ही कलमं एकाच वाक्यात गुंफली, की वाचणारा दुसऱ्याच्या धसक्याने पहिल्याचं उत्तर द्यायचं विसरतो. अपिलात दोन स्वतंत्र परिच्छेद करा.

‘८ वर्षांपासून बीपी’ हे कंपनीला कळलं कुठून? आम्ही तर असं काही सांगितलंच नव्हतं.

बहुतेक वेळा तुमच्याच डिस्चार्ज कार्डावरून, किंवा इनडोअर केस पेपरवरून. दाखल करताना कॅज्युअल्टीतला डॉक्टर हिस्टरी विचारतो. पहाटेचे चार, रुग्ण घामाघूम, सोबत मुलगा आणि सून. ‘बीपी आहे का? किती वर्षांपासून?’ ‘हो, आहे… सात-आठ वर्षं असेल.’ डॉक्टर लिहितो ‘K/C/O HTN x 8 yrs’, म्हणजे आठ वर्षांपासूनचा उच्च रक्तदाबाचा माहीत असलेला रुग्ण. घाबरलेल्या मुलाच्या डोक्यात आईचं बीपी होतं की वडिलांचं, हे त्या ओळीतून कोणाला कळणार?

कंपनी यानंतर तपासनीस पाठवते. तो रुग्णालयातून संपूर्ण इनडोअर फाइल घेतो, कधी फॅमिली डॉक्टरकडे जातो, कधी घरी येऊन जबाब लिहून घेतो. जबाबावर न वाचता सही करू नका, आणि केलीच तर लगेच फोटो काढून ठेवा.

त्यामुळे पत्र आल्यावर सर्वांत आधी ती ओळ शोधायची. रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून संपूर्ण इनडोअर केस पेपरची प्रत मागा. कंपनीकडे तपासणी अहवाल आणि तुमच्या प्रपोझल फॉर्मची प्रत मागा. विमा फोनवर घेतला असेल तर त्या कॉलचं रेकॉर्डिंगही. प्रपोझल फॉर्म हातात आल्याशिवाय अपील लिहायला बसू नका. बऱ्याच जणांनी तो कधी वाचलेलाच नसतो. एजंटाने भरलेला असतो आणि सही तेवढी आपली असते.

डिस्चार्ज कार्डातली नोंद चुकीची आहे, हे सिद्ध कसं करायचं?

खरा निकाल याच प्रश्नावर लागतो. क्लेम नाकारल्यावर लिहून आणलेल्या कागदापेक्षा त्या त्या वेळी आपोआप तयार झालेले कागद जास्त वजनदार असतात, हे धरून चाला.

आपल्या गृहस्थांकडे काय निघालं ते पाहा. ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे पॉलिसीच्या दोन महिने आधी, नोकरीच्या ठिकाणी वार्षिक तपासणी झाली होती. त्यात रक्तदाब १२८/८२ आणि ‘सध्या कोणतंही औषध चालू नाही’ अशी नोंद. फॅमिली डॉक्टरांच्या केस पेपरवर बीपीची गोळी पहिल्यांदा लिहिली गेली २१ जानेवारी २०२५ ला. त्याआधीच्या भेटी सर्दी-खोकला आणि पाठदुखीच्या. औषधांच्या दुकानाची गोळीची बिलंही जानेवारीपासूनचीच. रुग्णालयात झालेल्या इकोच्या रिपोर्टात हृदयाची भिंत जाड झाल्याची नोंद नव्हती. वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीत ती पुष्कळदा दिसते. ती नाही म्हणून बीपी जुनं नव्हतं असं सिद्ध होत नाही, पण आधाराला हा मुद्दा चालतो.

या चारांत पहिले दोन कागद निर्णायक. कंपनीकडे एक ओळ आहे, तीही ऐकीव. तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या, क्लेमचा विषयही नसतानाच्या नोंदी आहेत. आजार पूर्वीपासूनचा होता हे दाखवण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या कंपनीवर येते. जुनं प्रिस्क्रिप्शन, जुना रिपोर्ट, दाखल झाल्याची जुनी नोंद, असं काहीही तिने जोडलेलं नसेल तर ते अपिलात ठळकपणे लिहा.

उपचार करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांकडून खुलासाही घ्या: ‘हिस्टरी नातेवाइकांच्या तोंडी माहितीवरून लिहिली, कालावधीला आधार देणारी कोणतीही नोंद रुग्णालयात नाही.’ काही रुग्णालयं हे द्यायला कुरकुरतात. मूळ केस पेपरवर खाडाखोड करून मागू नका, वेगळ्या कागदावर तारखेसह खुलासा पुरतो. आणि खोटं प्रमाणपत्र आणूच नका. तपासनीसाकडे फाइलची आधीची प्रत असते. नोंदीची चूक म्हणून सुटणारं प्रकरण मग फसवणुकीचं होऊन बसतं.

पण बीपी खरंच जुनं असेल आणि फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं असेल तर?

तर बाजू कमकुवत आहे. ती किती कमकुवत, हे तीन गोष्टींवर ठरतं.

एक, फॉर्ममध्ये नेमकं काय विचारलं होतं? ‘गेल्या तीन वर्षांत दाखल झाला होतात का’ एवढाच प्रश्न असेल आणि तुम्ही ‘नाही’ म्हणालात, तर ते उत्तर खरंच आहे. न विचारलेल्या गोष्टीवरून लपवण्याचा ठपका टिकवणं कंपनीला जड जातं.

दोन, कंपनीला आधीच काय माहीत होतं? ६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका परदेश प्रवास विम्याच्या प्रकरणात निकाल दिला. विमाधारकाने मधुमेह सांगितला होता. अमेरिकेत उतरल्यावर त्याला हृदयविकाराचा झटका आला, आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं सांगितलं नाही म्हणून कंपनीने क्लेम नाकारला. न्यायालयाने नकार चुकीचा ठरवला: माहिती हाती असताना, प्रकृती तपासून पॉलिसी दिली, तर नंतर त्याच प्रकृतीचं कारण पुढे करता येत नाही. तुमची पॉलिसीपूर्व तपासणी झाली असेल आणि तिच्या रिपोर्टात वाढलेलं बीपी दिसत असेल, तर हा मुद्दा तुमच्या कामाचा.

तीन, न सांगितलेल्या आजाराचा आणि उपचाराचा संबंध. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आयुर्विमा प्रकरणात मणक्याचा त्रास सांगितला नव्हता तरी मृत्यू हृदयविकाराने झाला म्हणून क्लेम देय ठरवला. याउलट २००९ च्या एका निकालात मूत्रपिंडाचा जुना आजार आणि मधुमेह लपवल्याबद्दल मेडिक्लेमचा नकार योग्य ठरला होता. म्हणून बीपी सांगितलं नाही आणि पाय मोडला, तर भांडायला जागा आहे. बीपी सांगितलं नाही आणि हृदयाची धमनी बंद झाली, तर संबंध नाही असं म्हणून कुठलाही डॉक्टर सही करणार नाही.

‘एजंटानेच नाही लिहिलं’ हा बचाव एकट्याने क्वचितच तगतो. एजंटाला बीपीबद्दल कळवल्याचा व्हॉट्सॲप संदेश असेल तर मात्र तो जपून ठेवा. त्याने चित्र पालटतं.

‘पाच वर्षांनंतर कंपनी काही विचारू शकत नाही’ असं ऐकलंय. खरं?

बऱ्याच अंशी. आरोग्यविम्यात सलग ६० महिने संरक्षण झालं, की माहिती न दिल्याच्या किंवा चुकीच्या दिल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक हा त्याला अपवाद. याला मोरेटोरियम म्हणतात. आधी तो ९६ महिन्यांचा होता, २०२४ मध्ये ६० झाला. पोर्ट करून दुसऱ्या कंपनीत आलात तर आधीची सलग वर्षंही धरली जातात.

विमा रक्कम मध्येच वाढवली, तर वाढीव रकमेपुरते ६० महिने वाढवल्या दिवसापासून नव्याने मोजतात. आपल्या गृहस्थांचा मूळ पाच लाखांचा मोरेटोरियम ऑक्टोबर २०२९ मध्ये पुरा होईल. त्यांनी ऑक्टोबर २०२७ मध्ये आणखी पाच लाख वाढवले, तर त्या पाच लाखांसाठी ऑक्टोबर २०३२ उजाडेल.

एक गल्लत सर्रास होते. ‘कलम ४५, तीन वर्षं’ हा नियम आयुर्विम्याचा आहे. आरोग्यविम्याच्या अपिलात तो टाकला की आपलंच हसं होतं.

अपील कुठे आणि कसं करायचं?

पहिली पायरी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. त्याचा ईमेल पॉलिसीत असतो. ग्राहकसेवेच्या फोनवर केलेली तक्रार तोंडची वाफ ठरते, ईमेलच करा आणि तक्रार क्रमांक घ्या. मजकूर दीड पानाच्या वर नको. उदाहरणातल्या अपिलाचा मुख्य भाग असा:

‘२२ ऑगस्ट २०२५ च्या पत्रात ८ वर्षांच्या उच्च रक्तदाबाचा आधार घेतला आहे. ही नोंद नातेवाइकांच्या तोंडी माहितीवरून झाली असून तिला दुजोरा देणारा कोणताही पुरावा पत्रासोबत नाही. सोबत जोडलेल्या ऑगस्ट २०२४ च्या तपासणीत रक्तदाब सामान्य आहे. पहिलं निदान व औषध २१ जानेवारी २०२५ चं, म्हणजे पॉलिसी सुरू झाल्यानंतरचं आहे. त्यामुळे हा आजार Excl01 मधील व्याख्येत बसत नाही आणि प्रपोझल फॉर्म भरताना सांगण्याजोगी माहितीच अस्तित्वात नव्हती. क्लेम पुन्हा तपासून २,८७,४०० रुपये व्याजासह द्यावेत.’

मनस्ताप, हप्ते वेळेवर भरल्याची वर्षं, ‘तुमच्यावर विश्वास ठेवला’ वगैरे इथे नको. ते वाचणारा क्लेम विभागातला माणूस फक्त कलम आणि जोडपत्र बघतो.

हीच तक्रार आयआरडीएआयच्या bimabharosa.irdai.gov.in या पोर्टलवरही नोंदवता येते, किंवा १५५२५५ वर फोन करून. नियामक स्वतः निवाडा करत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मिळतंय का यावर लक्ष ठेवतो.

कंपनीने पुन्हा ‘निर्णयावर ठाम आहोत’ असं कळवलं. आता?

आता विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना तक्रार स्वतः किंवा वारस, नॉमिनी यांनीच करायची असते. मर्यादा ५० लाखांची. राज्यात मुंबई, पुणे आणि ठाण्याला कार्यालयं आहेत, गोवा पुण्याच्या कक्षेत येतो. तुमचा जिल्हा कोणाकडे ते cioins.co.in वर दिसतं आणि तक्रारही तिथेच ऑनलाइन भरता येते.

आधी कंपनीकडे लेखी दाद मागितलेली हवी. उत्तर आलं पण पटलं नाही, किंवा एक महिना उलटूनही आलंच नाही, तर तिथून एका वर्षाच्या आत लोकपालांकडे जायचं. आपल्या उदाहरणात अपील ५ सप्टेंबर २०२५ ला गेलं आणि नकार १८ सप्टेंबरला आला. म्हणजे शेवटची मुदत १८ सप्टेंबर २०२६ च्या आसपास. ती ओढू नका, फॅमिली डॉक्टरांचे जुने कागद तोपर्यंत गहाळ होतात.

सुनावणी बहुधा एकदाच, आणि थोडक्यात होते. कंपनीचा प्रतिनिधी डिस्चार्ज कार्डातली ती ओळ वाचून दाखवेल. तुम्ही तारखांचा एक कागद पुढे ठेवा: तपासणी, पॉलिसी, पहिली गोळी, दाखल झाल्याचा दिवस. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत पाळावा लागतो, नाहीतर कंपनीला तक्रारदारास दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात. निवाडा विरोधात गेला तरी तुमच्यासाठी पुढचा दरवाजा बंद होत नाही.

ग्राहक आयोगात थेट गेलं तर?

जाता येतं, नकारापासून दोन वर्षांच्या आत. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात. भरलेला हप्ता पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मनस्तापाची भरपाई आणि खर्च आयोगाकडे मागता येतो, लोकपालांकडे फक्त प्रत्यक्ष नुकसान. पण वेळ लागतो, आणि बहुतेकांना वकील लागतोच.

क्रमाची काळजी घ्या. प्रकरण आयोगात किंवा न्यायालयात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. तीन लाखांच्या, कागद पक्के असलेल्या प्रकरणात मी आधी लोकपालच सांगेन. साक्षीदार, उलटतपासणी, सहीचा वाद असलं काही असेल तर आयोग.

क्लेमसोबत पॉलिसीही रद्द केली. त्याचं काय?

त्यासाठी वेगळी मागणी करावी लागते. क्लेमचे पैसे मागताना ‘पॉलिसी मूळ तारखेपासून सलग धरून पूर्ववत करावी’ हे वाक्य अपिलात आणि लोकपालांच्या तक्रारीतही लिहा. लोक ते विसरतात, पैसे मिळतात आणि स्टेंट बसलेल्या ५१ वर्षांच्या माणसाला नव्याने विमा शोधत फिरावं लागतं, प्रतीक्षा काळही पहिल्यापासून.

दरम्यान दुसरीकडे अर्ज केलात, तर नव्या फॉर्मवर बहुधा एक प्रश्न असेल: ‘यापूर्वी कोणत्या कंपनीने विमा नाकारला किंवा रद्द केला आहे का?’ तिथे ‘हो’ लिहा, आणि २२ ऑगस्टच्या पत्राची प्रत जोडा.